पेशीपटल, कोलेस्टेरॉल आणि तापमान: वाचकांचे प्रश्न

*प्रश्न: पटलातले फॉस्फोलिपिडचे रेणू एकमेकांना चिकटवलेले असतात का?*

नाही. त्यांच्यात एकही सहसंयुज बंध नसतो. शेपट्या पाण्यापासून दूर राहू पाहतात, म्हणून दोन थर समोरासमोर टिकून राहतात, इतकंच.

*प्रश्न: मग वरच्या थरातला रेणू खालच्या थरात सहज जातो?*

बाजूला सहज सरकतो, उलटा होऊन पलीकडे मात्र जात नाही. पाण्याला चिकटून असलेलं डोकं तेलकट मध्यभागातून न्यावं लागतं. ते आपोआप घडायला तास किंवा दिवस लागतात, म्हणून पेशीकडे या कामासाठी वेगळी प्रथिनं असतात. कोलेस्टेरॉलचं डोकं अगदी लहान असल्यामुळे त्याला हे बरंच सोपं जातं.

*प्रश्न: एका पुस्तकात कोलेस्टेरॉलमुळे पटल घट्ट होतं असं आहे, दुसऱ्यात त्याने प्रवाहीपणा वाढतो असं आहे. क्लासच्या नोट्समध्ये तर दोन्ही आहे. बरोबर काय?*

हा प्रश्न दर महिन्याला येतो, आणि दर वेळी मुळाशी तीच चूक असते: वाक्यातून तापमान गाळलेलं असतं. तापमान न सांगता कोलेस्टेरॉल काय करतं हे सांगताच येत नाही.

आधी रेणू पटलात कसा बसतो ते पाहा. एका टोकाला एकच हायड्रॉक्सिल गट असतो. तो फॉस्फोलिपिडच्या डोक्यांजवळ, पाण्याच्या कडेला राहतो. त्याखाली चार कड्यांची सपाट, ताठ पट्टी असते. ती शेजारच्या शेपट्यांच्या पहिल्या नऊ-दहा कार्बनांना लागून उभी राहते. तिच्याखाली छोटी, वळणारी शेपूट द्विस्तराच्या मध्यापर्यंत पोचते. म्हणजे कोलेस्टेरॉल शेपटीच्या वरच्या भागाला धरतं आणि खालचा भाग मोकळा सोडतं.

आता एक ठरावीक लिपिड घेऊ: डायपामिटॉइल फॉस्फॅटिडिलकोलीन. त्याच्या दोन्ही शेपट्या १६ कार्बनांच्या, संपृक्त आणि सरळ आहेत. याचं शुद्ध द्विस्तर ४१ अंश सेल्सिअसला एकदम वितळतं. त्याखाली शेपट्या ताठ होऊन एकमेकींशेजारी रचल्या जातात, याला जेल अवस्था म्हणतात. त्याच्या वर शेपट्या जागोजागी मुडपतात आणि रेणू मोकळे सरकू लागतात.

५० अंशांवर या द्विस्तरात कोलेस्टेरॉल घाला. शेपट्या मुडपू पाहत असतात आणि ताठ पट्टी त्यांना वरच्या भागात मुडपू देत नाही. पटल किंचित जाड होतं, त्यातून पाणी आणि लहान रेणू कमी झिरपतात. इथे कोलेस्टेरॉलने प्रवाहीपणा कमी केला. तेच मिश्रण २५ अंशांवर आणा. आता शेपट्या रांगेत रचल्या जाऊ पाहतात, पण मध्ये कोलेस्टेरॉल उभं असल्याने रांग लागत नाही आणि जेल बनत नाही. इथे त्याच रेणूने प्रवाहीपणा वाढवला. कोलेस्टेरॉलचं प्रमाण वाढवत नेलं की ४१ अंशांवरची उडी बुटकी आणि पसरट होत जाते, आणि एकूण रेणूंपैकी निम्म्याच्या आसपास कोलेस्टेरॉल झालं की ती उरतच नाही.

आणखी एक गोंधळ 'घट्ट' या शब्दाचा आहे. शेपट्या शिस्तीत उभ्या असणं एक, आणि रेणूने जागा न सोडणं वेगळं. कोलेस्टेरॉल भरपूर असलेल्या पटलात शेपट्या बऱ्यापैकी ताठ असतात, तरी रेणू बाजूला सरकत राहतात. जेलमध्ये शेपट्यांचं मुडपणं आणि रेणूंचं सरकणं, दोन्ही जवळपास थांबलेलं असतं. नोट्स लिहिणारे हा फरक खाऊन टाकतात, आणि मुलं वर्षभर चुकीचं पाठ करतात.

आपल्या पेशींतल्या बऱ्याच फॉस्फोलिपिडांच्या एका शेपटीत दुहेरी बंधाचं वळण असतं, त्यामुळे ३७ अंशांवर त्या आधीच वितळलेल्या असतात. म्हणून आपल्या शरीराच्या तापमानाला कोलेस्टेरॉलचा मुख्य परिणाम शिस्त लावण्याचा आणि गळती कमी करण्याचा असतो. परीक्षेत दोन वाक्यं लिहा, दोन्हींत तापमान लिहा. तुमच्या पाठ्यपुस्तकाचे शब्द वेगळे असतील तर उत्तर कसं तपासलं जाईल हे विषयशिक्षकांना आधीच विचारून घ्या, परीक्षेच्या आदल्या रात्री नको.

*प्रश्न: बिटाचा प्रयोग केला. ४० अंशांपर्यंत रंग फारसा आला नाही, ५० नंतर एकदम वाढला. 'कोलेस्टेरॉलने ४० अंशांपर्यंत पटल सांभाळलं' असा निष्कर्ष लिहिला तर चालेल का? आमचं २० अंशांचं पाणीसुद्धा गुलाबी आहे.*

निष्कर्ष खोडा. बीट ही वनस्पती आहे आणि वनस्पतींच्या पटलात कोलेस्टेरॉल नगण्य असतं. तिथे सिटोस्टेरॉल, स्टिग्मास्टेरॉल असे तिचे स्वतःचे स्टेरॉल असतात. दुसरं असं की हा प्रयोग प्रवाहीपणा मोजतच नाही, गळती मोजतो. बिटाचा रंग पेशीच्या रिक्तिकेत असतो. तो बाहेर यायला रिक्तिकेचं पटल आणि पेशीपटल अशी दोन पटलं ओलांडावी लागतात. ५०-६० अंशांच्या सुमारास जी उडी दिसते ती लिपिड 'वितळल्यामुळे' नसते, कारण ते खोलीच्या तापमानालाही प्रवाहीच होतं. त्या तापमानाला पटलातली प्रथिनं आकार सोडतात, द्विस्तरही ढिला पडतो, आणि रंगाला वाट मिळते.

२० अंशांचं गुलाबी पाणी सांगतं की धुणं अपुरं झालं. कापताना पृष्ठभागावरच्या पेशी फुटतात आणि त्यांचा रंग तापमानाशिवायच बाहेर पडतो. कॉर्क बोअररने एकाच बिटातून ५ मिलिमीटर जाडीचे दंड काढा, बाहेरची साल टाका, धारदार पात्याने बरोबर १ सेंटिमीटर लांबीचे तुकडे करा. ते वाहत्या पाण्याखाली रंग येणं थांबेपर्यंत धुवा. याला दहा मिनिटं तरी लागतात आणि गटातलं कोणीतरी नेहमी दोन मिनिटांत आटोपतं. मग टिपकागदावर हलके टिपा.

प्रत्येक परीक्षानळीत ५ मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी घ्या, नळ्या वॉटर बाथमध्ये ठेवा, आणि थर्मामीटर नळीच्या आत घालून हवं ते तापमान आल्याची खात्री करा. बाथच्या तबकडीवर ५० दिसत असताना नळीतलं पाणी मागे असू शकतं. तुकडा टाकल्यापासून ३० मिनिटांनी तो बाहेर काढा, नळी हलवा, आणि हिरव्या फिल्टरवर, म्हणजे ५३० नॅनोमीटरच्या आसपास, कलरीमीटरचं वाचन घ्या. शून्य ऊर्ध्वपातित पाण्यावर लावलेलं असू द्या.

'वाचन दुपारी घेऊ' हे मुळीच नको. तुकडा नळीत राहिला तर गळती चालूच राहते, आणि काढून ठेवला तरी बिटाचा रंग उजेडात आणि उष्णतेत फिका पडतो. ७०-८० अंशांचं वाचन ६० पेक्षा कमी आलं तर पटल सुधारलं असा अर्थ काढू नका, रंगद्रव्य मोडलेलं असतं. फ्रीझरमध्ये गोठवलेला तुकडा विरघळल्यावर भरपूर रंग देतो, पण त्याचा बिंदू याच आलेखावर जोडू नका, कारण तिथे बर्फाच्या स्फटिकांनी पटल फाडलेलं असतं. प्रत्येक तापमानाला किमान तीन तुकडे घ्या. सगळं पुन्हा करण्याआधी धुण्याची पद्धत प्रयोगशाळेतल्या सरांना किंवा मॅडमना दाखवून घ्या.

*प्रश्न: मोझेक म्हणजे प्रथिनं समुद्रातल्या होड्यांसारखी कुठेही फिरतात, असंच ना?*

काही फिरतात, पुष्कळशी फिरत नाहीत. फिरण्याचा पुरावा १९७० चा आहे. फ्राय आणि एडिडिन यांनी उंदराची आणि माणसाची पेशी सेंडाई विषाणूच्या साहाय्याने एकत्र जोडली आणि दोघींच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांना हिरवे आणि लाल चमकणारे प्रतिद्रव्य लावले. सुरुवातीला अर्धा भाग हिरवा, अर्धा लाल. ३७ अंशांवर ४० मिनिटांत बहुतेक पेशींत रंग मिसळले. तापमान १५ अंशांखाली ठेवलं तर मिसळणं जवळपास थांबलं. पेशीचा ऊर्जापुरवठा रोखला तरी मिसळणं चालू राहिलं, म्हणजे कोणी ढकलत नव्हतं, प्रथिनं आपोआप सरकत होती. सिंगर आणि निकोल्सन यांनी १९७२ मध्ये फ्लुइड मोझेक मॉडेल मांडलं तेव्हा हा पुरावा त्यांच्या हाताशी होता.

पण तांबड्या रक्तपेशीत बँड ३ नावाच्या प्रथिनाचे बरेचसे रेणू आतल्या स्पेक्ट्रिनच्या जाळ्याला अँकिरिनने बांधलेले असतात. आतड्याच्या पेशींत शेजारच्या पेशींमधले घट्ट जोड कुंपणासारखे उभे असतात, म्हणून ग्लुकोज आत ओढणारं प्रथिन पोकळीच्या बाजूलाच राहतं. ते मागच्या बाजूला सरकलं असतं तर अन्नातली साखर शोषलीच गेली नसती. होड्यांचं चित्र वापरा, पण त्यातल्या किती होड्या नांगरलेल्या आहेत तेही दाखवा.

*प्रश्न: आम्ही रावेरकडचे. केळी फ्रिजमध्ये ठेवली की काळी पडतात. थंडीने तर पदार्थ टिकायला हवा!*

केळं साधारण १३ अंशांखाली गेलं की सालीच्या पेशींची पटलं जागोजागी ताठरतात, त्यातल्या प्रथिनांचं काम बिघडतं आणि गळती सुरू होते. एरवी वेगळे ठेवलेले फिनॉलिक पदार्थ आणि पॉलिफिनॉल ऑक्सिडेज एकत्र येतात, साल काळी पडते. पिकलेल्या केळ्याचा गर सहसा खाण्याजोगा असतो. कच्च्या मालाचं नुकसान मात्र भरून येत नाही, तो नीट पिकतच नाही. शीतगृहात घालणार असाल तर हवेचं नव्हे, फळाच्या गराचं तापमान पाहा, आणि तुमच्या वाणासाठी नेमका आकडा कृषी विज्ञान केंद्रातून घ्या.

*प्रश्न: रक्तातलं कोलेस्टेरॉल २४० आलं. पेशींची आवरणं कडक होतात आणि अमुक कोलेस्टेरॉल-फ्री तेलाने ती मऊ होतात, असा मेसेज फिरतोय. गोळी थांबवून ते घेऊ का?*

गोळी थांबवू नका. बहुतेक पेशी आपल्या पटलातलं कोलेस्टेरॉल स्वतः मोजून सांभाळतात. जास्त झालं तर ते एस्टर करून थेंबांत साठवतात आणि बाहेरून घेणं कमी करतात. रक्तातल्या आकड्याची काळजी प्रामुख्याने रक्तवाहिनीच्या भिंतीत साचणाऱ्या कोलेस्टेरॉलसाठी असते, तो वेगळा प्रकार आहे. तांबडी रक्तपेशी कोलेस्टेरॉल बनवू शकत नाही, ते प्लाझ्माशी देवाणघेवाण करते. यकृताच्या गंभीर आजारात तिच्या पटलात ते खरोखर जास्त भरतं, पेशी काटेरी आणि ताठ होते आणि प्लीहेत लवकर मोडते. पण ते निदान डॉक्टर करतात, मेसेज नाही.

शेंगदाणा, करडई, सूर्यफूल यांच्या तेलात कोलेस्टेरॉल मुळातच नगण्य असतं. बाटलीवर 'कोलेस्टेरॉल-फ्री' छापून तुमच्याकडून जास्त पैसे घेणं ही फसवणूकच आहे. पूर्ण लिपिड प्रोफाइल घेऊन याच आठवड्यात तुमच्या डॉक्टरांकडे जा, गोळीचा त्रास होत असेल तर तोही सांगा. छातीत दुखलं, धाप लागली तर आठवडाही थांबू नका.

*प्रश्न: जीवाणूंत कोलेस्टेरॉल नसतं, मग थंडीत त्यांचं पटल गोठत का नाही?*

ते शेपट्या बदलतात. तापमान उतरलं की ई. कोलाय पटलात दुहेरी बंध असलेल्या मेदाम्लांचं प्रमाण वाढवतो, त्यामुळे शेपट्या वळणदार राहतात आणि रांग लागत नाही. हा बदल व्हायला वेळ लागतो. म्हणून ३७ अंशांवरची कल्चर एकदम बर्फात बुडवली तर काही पेशी मरतात. तुमच्या स्ट्रेनसाठी थंड करण्याचा वेग मार्गदर्शकांना विचारून ठरवा.