हेल्पलाइनवर सांगितलेले कंपनीला कळते का?

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी मायक्रोफायनान्स कंपनीच्या शाखेत हप्ते वसुलीचे काम करते. शाखा व्यवस्थापक अश्लील बोलतात, रात्री मेसेज टाकतात. शेवटचा मेसेज १२ नोव्हेंबरचा आहे. डिसेंबरात मी कंपनीच्या समुपदेशन हेल्पलाइनवर सगळे सांगितले. तिथल्या मॅडम म्हणाल्या, ‘हे गोपनीय राहील.’ साहेबांना कळेल का? आणि माझी तक्रार नोंदली गेली का?

उत्तर : तक्रार नोंदली गेलेली नाही, आणि मला जास्त काळजी त्याचीच वाटते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांच्या आत अंतर्गत तक्रार समितीकडे लेखी तक्रार द्यावी लागते, म्हणजे तुमची मुदत १२ फेब्रुवारीच्या सुमारास संपते. समिती कारणे नोंदवून ती आणखी तीन महिन्यांपर्यंत वाढवू शकते, पण त्या भरवशावर राहू नका. कर्मचारी दहापेक्षा कमी म्हणून कंपनीत समितीच नसेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो. समुपदेशक तुमची भीती ऐकून घेतील, झोप उडाली असेल तर डॉक्टरांकडे पाठवतील, तक्रार लिहायला धीर देतील. चौकशी करणे मात्र त्यांच्या अधिकारात नाही.

आता गोपनीयतेविषयी. अशी हेल्पलाइन बहुधा बाहेरची संस्था चालवते आणि कंपनीला नावे न देता किती फोन आले, कशाबद्दल आले, एवढाच अहवाल देते. मोठ्या कार्यालयात एवढे पुरेसे असते, पण ज्या शाखेत दोन-तीनच महिला आहेत तिथे ‘महिला कर्मचारी, वरिष्ठांचा त्रास’ एवढ्या नोंदीवरूनही माणूस ओळखता येतो. म्हणून अहवालात शाखेचा उल्लेख येतो का, हे संस्थेला लेखी विचारा आणि येत असल्यास तो वगळण्याची मागणी करा. कंपनीच्या सिमवरून फोन केला असेल, तर संभाषण नव्हे, पण नंबर आणि वेळ बिलात दिसू शकते.

तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असे समुपदेशकाला वाटले, तर तो घरच्यांना किंवा पोलिसांना कळवू शकतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधील गोपनीयतेच्या तरतुदीतही असा अपवाद आहे. शिवाय, वकिलाशी झालेल्या बोलण्याला पुराव्याच्या कायद्यात जे संरक्षण आहे, ते समुपदेशकाशी झालेल्या बोलण्याला नाही. साक्षीदार बोलावण्याचे आणि कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार तक्रार समितीलाही आहेत. तुमच्या बाबतीत ही मर्यादा उपयोगाचीही ठरू शकते, कारण तुम्ही डिसेंबरातच हे सांगितले होते, हे त्या नोंदीतून दिसेल. ती जपून ठेवण्याची विनंती संस्थेला आजच लेखी करा आणि मेसेज पुसू नका.

यापुढे बोलावेसे वाटले तर स्वतःच्या फोनवरून शासनाच्या टेली-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करा. या सेवेचा तुमच्या कंपनीशी संबंध नाही.