डब्यातली खोबऱ्याची चटणी दुपारपर्यंत आंबते

सकाळी केलेली खोबऱ्याची चटणी दुपारी आंबट का लागते, काय करू?

दही घालत असाल तर आधी ते बंद करा, आपल्या परभणीच्या उन्हात दह्याची चटणी टिकतच नाही. वाटीभर ओलं खोबरं, दोन चमचे डाळवं, तीन-चार हिरव्या मिरच्या अन् मीठ. मिरच्या धुवून पुसून थेंबभर तेलात परतून घ्या, कच्चेपणा जातो अन् ओलही. पाणी उकळून गार केलेलं, तेही कमीच टाका, अन् मिक्सर थांबत थांबत फिरवा कारण सलग फिरवला की चटणी गरम होते अन् तिथूनच आंबायला सुरुवात. फोडणी गार करूनच ओता. फ्रिजमधून लागेल तेवढीच काढा, कोरड्या चमच्यानं. बुडबुडे किंवा आंबूस वास आला तर सरळ फेका, लिंबू पिळून झाकू नका.