परमाडेथ: डाव संपतो, शिल्लक कुठे जाते?

"'परमाडेथ'ला मराठीत 'कायमचा मृत्यू' म्हणावं का? ऐकायला विचित्र वाटतं. आणि रोगलाइक व रोगलाइट हे एकाच शब्दाचे दोन उच्चार आहेत का?"

विचित्र वाटतं कारण आपल्याकडे मृत्यू कायमचाच असतो, त्याला विशेषण लागत नाही. खेळातला मृत्यू मात्र बहुतेक वेळा तात्पुरता असतो. कबड्डीत आपल्या बाजूने समोरचा गडी मारला की आपला बाद झालेला गडी 'जिवंत' होतो, तसंच व्हिडिओ गेममध्ये शेवटच्या सेव्हपासून पुन्हा उभं राहता येतं. ती सोय काढून घेतली की उरतो तो परमाडेथ. मी स्वतः 'कायमचा मृत्यू' टाळतो आणि 'मेला की डाव संपला' असं लिहितो. इंग्रजीत ज्याला 'रन' म्हणतात त्याला 'डाव' हा शब्द चपखल बसतो, कारण डाव मोडला की पुढचा पहिल्यापासूनच मांडावा लागतो.

दुसऱ्या प्रश्नातले शब्द मात्र दोन वेगळे आहेत. दोन्हींचं मूळ १९८० च्या सुमारास युनिक्सवर आलेल्या 'रोग' या खेळात आहे. (इंग्रजी शब्दाचा अर्थ भामटा. देवनागरीत लिहिला की आजारच आठवतो, म्हणून नुसता 'रोग' लिहिताना अवतरणचिन्हं सोडू नयेत.) रोगलाइक म्हणजे 'रोग'सारखा, आणि रोगलाइट म्हणजे त्याची सौम्य आवृत्ती. फरक एका अक्षराचा, पण तो नेमका मृत्यूनंतर दिसतो.

रोगलाइकचं उदाहरण म्हणून १९८७ पासून चालत आलेला नेटहॅक हा खेळ घ्या. तिथे पडद्यावरचं @ हे चिन्ह म्हणजे आपण. सेव्ह करता येतं, पण ते पुस्तकात खूण घालून ठेवण्यापुरतं: सेव्ह केलं की खेळ बंद होतो, आणि पुन्हा उघडला की ती फाइल पुसली जाते. त्यामुळे मेल्यावर परत जायला जागाच नसते. पडद्यावर थडगं येतं, त्यावर आपलं नाव आणि मरणाचं कारण. फाइलची प्रत आधीच बाजूला काढून ठेवणारेही असतात. त्याला 'सेव्ह-स्कमिंग' म्हणतात आणि ती लबाडी समजली जाते.

मग पुढच्या डावात काय येतं? वस्तू नाही, ताकद नाही. औषधांचे रंगसुद्धा दर डावात नव्याने पिसले जातात. मागच्या वेळी लाल औषधाने जखम भरली म्हणून आज लाल बाटली तोंडाला लावणं धोक्याचं. येतं ते फक्त आपल्या डोक्यातलं. कॉकाट्रिस नावाच्या प्राण्याचं प्रेत उघड्या हाताने उचललं तर माणूस दगड होतो, हे एकदा मरून कळलं की विसरत नाही. पुढच्या डावात हातमोजे घालून तेच प्रेत शस्त्रासारखं वापरता येतं, शत्रू दगड होतात. आणि ते हातात असताना खड्ड्यात पडलं तर हातमोजे असूनही आपणच दगड होतो, हा पुढच्या मरणाचा धडा. मला या खेळातलं सगळ्यात जास्त आवडतं ते हेच: @ दर वेळी कोरा, खेळणारा मात्र जुना होत जातो.

एक अपवाद सांगायलाच हवा. नेटहॅक कधी कधी भुयाराच्या ज्या मजल्यावर आपण मेलो तो अख्खा मजला जपून ठेवतो. नंतरच्या एखाद्या डावात आपण तिथे पोचतो, तर आपलंच भूत आणि आपलंच सामान समोर येतं, बरंचसं शापित होऊन. याला 'बोन्स' म्हणतात. पण तो योगायोग, त्यावर भिस्त ठेवता येत नाही.

रोगलाइटमध्ये शिल्लक ठरवून पुढे ओढलेली असते, पासबुकात मागील शिल्लक येते तशी. २०१३ च्या 'रोग लेगसी'च्या कर्त्यांनी आपल्या खेळाला स्वतःच 'रोग-लाइट' म्हटलं. त्यात नायक मेला की त्याच्या तीन वारसांपैकी एक निवडायचा. नायकाने जमवलेलं सोनं वारसाला मिळतं आणि त्यातून घराण्याचा वाडा वाढवायचा. वाड्यातली सुधारणा कायमची, म्हणून पुढचा वारस जास्त आयुष्य किंवा जास्त मारक शक्ती घेऊन जन्मतो. मात्र डाव ज्या किल्ल्यात खेळायचा त्याच्या दारात कॅरन नावाचा द्वारपाल उभा असतो आणि उरलेलं सोनं काढून घेतो. त्यामुळे साठवून ठेवण्यात अर्थ नसतो, आत जाण्याआधी खर्च करावंच लागतं. म्हणजे नायक मेला तो मेलाच, परमाडेथ इथेही आहे, घराणं मात्र टिकतं.

कोणता खेळ कशात घालायचा असा घोळ झाला तर मी एवढंच बघतो: माझ्या पन्नास डावांनंतर त्याच संगणकावर नवखा माणूस बसला, तर त्याला माझ्या त्या डावांचा फायदा होतो का? नेटहॅकमध्ये तो माझ्या पहिल्या दिवसाइतकाच दुबळा असतो. 'रोग लेगसी'त त्याच्या हाती माझा वाढलेला वाडा येतो. काही खेळांत जुन्या डावांमुळे नवी पात्रं किंवा नवे पत्ते खुले होतात, पण सुरुवातीची ताकद तेवढीच राहते. अशांना काय म्हणावं यावर खेळणाऱ्यांचं एकमत नाही. मी त्यांना रोगलाइटच म्हणतो, कारण थोडी का होईना, शिल्लक खेळाच्या वहीत लिहिलेली असते.