गिऱ्हाइकाचा चेक परत आला, हे त्याला नीट शब्दांत कसं कळवावं?

*आमचं इलेक्ट्रिकल सामानाचं होलसेल दुकान आहे. एका जुन्या गिऱ्हाइकाचा 48,600 चा चेक परत आलाय. माणूस चांगला आहे, संबंध बिघडवायचे नाहीत. पण बाबा म्हणतात, गोड बोललं की पैसे बुडतात. पत्रात नेमकं काय लिहू?*

पत्र लिहायला बसण्याआधी बँकेने चेकसोबत दिलेला रिटर्न मेमो समोर ठेवा आणि त्यावरचं कारण वाचा. मी घाऊक व्यापाऱ्यांची खाती आणि वसुली बघतो. तिथे नेहमी दिसणारी गोष्ट अशी, की ‘चेक परत आला’ एवढं कानावर पडलं की लोक थेट ‘खात्यात पैसे नव्हते’ असं धरून चालतात. मेमोवर मात्र कधी ‘सही जुळत नाही’ असं असतं, कधी अक्षरी आणि अंकी रकमेत फरक असतो. मोठ्या रकमेच्या चेकचा तपशील गिऱ्हाइकाने आपल्या बँकेला आधी कळवायचा असतो, त्याला पॉझिटिव्ह पे म्हणतात. तेही कधीकधी राहून जातं. अशा माणसाला ‘आपल्या खात्यात शिल्लक नसल्याने’ असं पत्र गेलं, तर तो पैसे देईल, पण पुढची ऑर्डर दुसरीकडे देईल. म्हणून कारण लिहाल ते मेमोवरचंच लिहा, त्यात स्वतःचा अंदाज मिसळू नका. मेमोवर ‘खाते बंद’ असेल तर मात्र पत्रापित्रात वेळ घालवू नका. चेक पुन्हा भरून उपयोग नाही. एक फोन करा, आणि पैसे येण्याची चिन्हं नसतील तर सरळ वकिलाकडे जा.

तुमच्या चेकवर ‘फंड्स इन्सफिशियंट’ आलंय असं समजून पुढे जातो. तारखाही उदाहरणादाखल धरतो: चेक 3 जूनचा, तुम्ही भरला 5 जूनला, परत गेला 6 जूनला आणि मेमो तुमच्या हातात आला 8 जूनला.

आता बाजारात सर्रास फिरणारा मजकूर बघा: ‘आपला चेक बाउन्स झाल्यामुळे आम्हांस अतिशय मनस्ताप झाला असून त्वरित रक्कम भरावी, अन्यथा कायदेशीर कारवाई करण्यात येईल.’ बाबांना हे कडक वाटेल. पण वाचणाऱ्याला यातून काय कळलं? कुठला चेक, ते नाही. त्याचे तुमच्याकडे दोन-तीन चेक असू शकतात. ‘त्वरित’ म्हणजे आज की महिनाअखेर, ते त्याने आपल्या सोयीने ठरवायचं. आणि ‘कायदेशीर कारवाई’ हे शब्द त्याने इतक्या ठिकाणी वाचलेत की त्याला त्याचं काही वाटत नाही. हे पत्र उद्धट आहे आणि तरीही मऊ आहे. नम्र पत्रात तारीख, रक्कम आणि पुढची पायरी स्पष्ट असेल तर ते याहून जास्त काम करतं.

पत्राआधी फोन करा, तोही ज्याची चेकवर सही आहे त्यालाच. दुकानातल्या पोराला किंवा घरच्यांना निरोप देऊ नका. असोसिएशनच्या ग्रुपवर तर चुकूनही टाकू नका. फोनवर दोनच वाक्यं पुरतात: ‘शेठ, तीन तारखेचा चेक परत आलाय, मेमोवर शिल्लक कमी असं लिहिलंय. तपशील लेखी पाठवतोय, बघून घ्या.’ मग त्याच दिवशी पत्र जाऊ द्या. मी साधारण असं लिहीन:

> श्री. ........ यांस, सप्रेम नमस्कार.
>
> आपण बिल क्र. ........ पोटी दिलेला दि. 3 जूनचा, क्र. ........ चा, रु. 48,600 चा चेक आम्ही 5 जून रोजी बँकेत भरला होता. तो 6 जून रोजी ‘खात्यात पुरेशी शिल्लक नाही’ या कारणाने परत आला आहे. बँकेच्या मेमोची प्रत सोबत जोडली आहे.
>
> ही रक्कम सोमवार, 15 जूनपर्यंत आमच्या बिलावर छापलेल्या खात्यात एनईएफटीने भरावी, ही विनंती. हाच चेक पुन्हा भरावा असं आपल्याला वाटत असेल तर 15 जूनपर्यंत तसं कळवा, आम्ही तो 16 जूनला भरू. चेक परत आल्याबद्दल आमच्या बँकेने रु. 177 कापले आहेत. ते चेकच्या रकमेत धरलेले नाहीत, पुढच्या बिलात वेगळे दाखवू.
>
> आपल्या चालू ऑर्डरचा माल आम्ही बाजूला काढून ठेवला आहे. रक्कम जमा झाली की त्याच दिवशी गाडीत चढवू. 15 जूनपर्यंत रक्कम किंवा निरोप न आल्यास हा माल थांबवावा लागेल आणि 22 जूनला आमच्या वकिलांमार्फत रीतसर नोटीस पाठवावी लागेल. हे पत्र फक्त माहितीसाठी आहे, ती नोटीस नव्हे.
>
> काही अडचण असेल तर माझ्याशी थेट बोला. रक्कम याआधीच भरली असेल तर व्यवहाराचा यूटीआर नंबर तेवढा पाठवा.

यातल्या तीन गोष्टींबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण अडचण तिथेच येते.

पहिली गोष्ट 22 जून या तारखेची. ती मनाला येईल तशी टाकलेली नाही. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, 1881 च्या कलम 138 प्रमाणे फौजदारी तक्रारीची वाट मोकळी ठेवायची असेल, तर चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांच्या आत लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते. आपल्या उदाहरणात ही मुदत 8 जुलैला संपते. नोटीस पोचल्यावर त्याला पैसे भरायला 15 दिवस मिळतात आणि ते 15 दिवस सरल्यावर तुम्हाला तक्रार दाखल करायला एक महिना. ‘आज देतो, उद्या देतो’ करत गिऱ्हाईक पाच आठवडे काढतं आणि मग व्यापारी माझ्याकडे मेमो घेऊन येतात, तेव्हा तो 30 दिवसांच्या पलीकडे गेलेला असतो. 22 तारीख ठेवली की नोटीस तयार करायला आणि पोस्टाच्या दिरंगाईला दोन आठवडे हातात राहतात. बाबांना हे कॅलेंडर दाखवा. गोड बोलल्याने पैसे बुडत नाहीत, तारीख चुकली की बुडतात.

चेक पुन्हा भरायचं ठरलं तर तो वैध असेपर्यंतच भरता येतो, म्हणजे चेकवरच्या तारखेपासून तीन महिने. पुन्हा परत आला तर नवा मेमो मिळतो आणि त्यावरून नोटिशीचे नवे 30 दिवस मोजता येतात. 2012 च्या एमएसआर लेदर्सच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलंय. तरीही त्याने स्वतः ‘अमुक दिवशी टाका, पैसे आहेत’ असं लेखी सांगितल्याशिवाय दुसऱ्यांदा टाकू नका. नाहीतर त्यालाही त्याच्या बँकेचा दंड आणि तुम्हालाही पुन्हा 177.

दुसरी गोष्ट, ‘हे पत्र ती नोटीस नव्हे’ हे वाक्य. ते सौजन्यासाठी घातलेलं नाही. कलम 138 च्या नोटिशीला कायद्याने ठरवून दिलेला नमुना नाही. लेखी असावी आणि चेकच्या रकमेची मागणी त्यात असावी, एवढंच. म्हणजे तुमचं साधं विनंतीचं पत्रही पुढे कोर्टात ‘हीच ती नोटीस होती, तिच्यापासून मुदत मोजा’ असं म्हणून वापरलं जाऊ शकतं. त्यामुळे वाक्य तर घालाच, शिवाय पत्र कधी पोचलं ती तारीखही वहीत लिहून ठेवा आणि वकिलाला पहिल्या भेटीत ते पत्र दाखवा. रीतसर नोटीस त्यांच्याकडूनच जाऊ द्या. तिच्यात चेकची रक्कम रुपयाचाही फरक न करता, व्याज आणि बँकेच्या खर्चापासून वेगळी यावी लागते. सगळं मिळून एकच आकडा मागितलेली नोटीस टिकत नाही. पहिल्या पत्रात 177 वेगळे ठेवले त्यामागे हाच विचार आहे. ते वसूल करायचेच असतील तर तुमच्या बिलाच्या अटींमध्ये तसं छापलेलं आहे का, तेही बघा. छापलेलं नसेल आणि माणूस जुना असेल, तर मी ते सोडून देईन.

तिसरी गोष्ट पत्रात दिसत नाही, पण ती तुमच्याकडे हमखास घडणार. तो म्हणेल, ‘आत्ता वीस घ्या, बाकीचे पंधरा दिवसांनी.’ पैसे घ्या, नाही म्हणू नका. मात्र वीस हजार जमा झाल्यावर तोच 48,600 चा चेक जसाच्या तसा पुन्हा भरू नका आणि पूर्ण रकमेची नोटीसही पाठवू नका. तेवढं देणं त्या दिवशी उरलेलंच नसतं, आणि 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच कारणावरून तक्रार टिकणार नाही असं म्हटलंय. आंशिक रक्कम आली तर चेकवर तशी नोंद करावी लागते, ती कशी करायची ते वकिलाला विचारा. त्यापेक्षा सोपा रस्ता म्हणजे उरलेल्या 28,600 चा नवा चेक घेणं. आणि त्याच दिवशी एक ओळ पाठवायची: ‘आज रु. 20,000 मिळाले, आभारी आहोत. बाकी रु. 28,600, त्यासाठी 30 जूनचा क्र. ........ चा चेक मिळाला.’ नवा चेक हातात येईपर्यंत वहीतली 8 जुलै खोडू नका.

कारण वेगळं असेल तर पत्राचा सूरही बदलतो. सही जुळत नसेल तर एवढंच पुरे: ‘चेकवरची सही बँकेतल्या नमुन्याशी जुळली नाही असं मेमोवर आहे. कृपया 15 जूनपर्यंत नवा चेक द्यावा किंवा रक्कम थेट खात्यात भरावी.’ इथे पहिल्याच पत्रात वकिलाचं नाव काढायची गरज नाही. वहीत मात्र तारीख तशीच मांडून ठेवायची.

पत्र व्हॉट्सॲपवर पाठवा, ईमेल असेल तर तिथेही, आणि रकमेचा विचार करता एक प्रत स्पीड पोस्टाने जाऊ द्या. सोबत मेमोचा फोटो द्यायचा, मूळ मेमो आणि मूळ चेक नाही. ‘चेक आधी परत पाठवा, मग लगेच ट्रान्सफर करतो’ असं जुनी माणसंही सहज म्हणून जातात, त्यात दर वेळी खोट असतेच असं नाही. त्यांना सांगा, ‘रक्कम दिसली की पोरगा चेक घेऊन येईल.’ पैसे खात्यात आल्याचं स्टेटमेंटवर बघा, चेक ‘रद्द’ लिहून परत करा, पोच घ्या, आणि अडवून ठेवलेला माल त्याच गाडीत पाठवा.