आजीच्या पाटल्या : दगडावर बावीस, मशीनवर ९१.८, आटवल्यावर ८८.९

प्रश्न : आजीच्या ४० ग्रॅमच्या पाटल्या मोडायला नेल्या. सराफाने दगडावर घासून "बावीस" म्हटलं, मशीनवर ९१.८ आलं, आटवल्यावर मात्र ८८.९. मला फसवलं का?

उत्तर : ताई, रविवार पेठेत पस्तीस वर्षं याच कामात गेली. तुमचे तिन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात.

काळ्या कसोटीवर आधी डागाची, म्हणजे दागिन्याची रेघ ओढतात, मग शेजारी सुईची. सुईच्या टोकाला ठरलेल्या कॅरेटचं सोनं डाखलेलं असतं. दोन्ही रेघांवर आम्ल फिरवलं की हलक्या सोन्याची रेघ आधी फिकी पडते. पण सुई डागाच्या रंगाची हवी. तांबं जास्त असलेलं बावीस लालसर दिसतं, चांदी जास्त असलेलं पिवळट. लालसर डागाला पिवळी सुई लावली की नजर फसते. हात बसलेला असला तरी अर्ध्या कॅरेटचा फरक राहतोच, म्हणून "बावीस" म्हणजे साडेएकवीससुद्धा असू शकतं.

मशीन क्ष-किरण सोडतं, पण सोन्यात त्याला वरचे काही मायक्रॉनच दिसतात. आणि डागाची वरची कातडी अनेकदा आतल्यापेक्षा चोख असते. कारागीर डाग तापवून आम्लात उजळतो, तेव्हा पृष्ठावरचं तांबं निघून जातं. म्हणून मी कानस मारल्याशिवाय वाचन घेत नाही. घेतलं तरी ते त्या एका जागेचंच.

तुमच्या बाबतीत मला संशय डाखाचा, म्हणजे सांधे जोडायला वितळवून लावलेल्या धातूचा आहे. जुन्या पोकळ पाटल्यांना सांधे बरेच, आणि डाख लवकर वितळावा म्हणून त्यात सोनं कमी घालत. समजा ४० ग्रॅममध्ये ३६ ग्रॅम सोनं ९१.६ टक्क्यांचं, म्हणजे बावीस कॅरेटचं, आणि ४ ग्रॅम डाख ६५ टक्क्यांचा. शुद्ध सोनं ३२.९८ अधिक २.६०, म्हणजे ३५.५८ ग्रॅम. त्याला ४० ने भागा, ८८.९ येतात. सांध्यावर मशीन धरलं असतं तर तिथे आकडा घसरलेला दिसला असता.

वाद मिटवायचाच असेल तर अग्निपरीक्षा करा. आटवलेल्या लगडीतून पाव ग्रॅमच्या आसपास नमुना काढून, त्यात चांदी घालून, शिशाच्या पत्र्यात गुंडाळून भट्टीत ठेवतात. शिसं आणि तांबं सच्छिद्र कपात शोषलं जातं. उरलेला मणी चपटा करून नायट्रिक आम्लात उकळला की चांदी विरघळते आणि सोनं तेवढं उरतं, ते तोलायचं. हजारात एखाद्या भागापेक्षाही कमी चूक येते. नमुना मात्र खर्ची पडतो, आणि लगड नीट ढवळलेली नसेल तर इथेही आकडा चुकतो.

आता पावती काढा. आटवल्यानंतरचं वजन लिहिलंय का बघा, कारण पोकळ पाटलीत लाख किंवा मळ असला तर तो जळून वजन घटतं. त्या वजनाला ०.८८९ ने गुणा. तेवढ्या शुद्ध सोन्याचे पैसे धरले असतील तर हिशोब बरोबर आहे. आटवणी तुमच्या डोळ्यांसमोर झाली का, हे मात्र तुम्हीच सांगा.