ताईच्या लग्नातला टोस्ट

प्रिय मित्रा,

ताईच्या रिसेप्शनला टोस्ट तुलाच करायचा आहे आणि आत्तापासून तुझी झोप उडाली आहे, हे कळलं. आपल्या वसईच्या ख्रिस्ती लग्नांत केक कापून झाला की टोस्ट असतो. तेव्हा लोक जेवणाची वाट बघत असतात, मुलं मंडपभर पळत असतात. त्यामुळे 3 मिनिटांच्या वर जाऊ नकोस. मोठ्याने, सावकाश वाचलं तर तेवढ्यात साधारण 300 शब्द बसतात.

त्यात ताईचं सगळं आयुष्य सांगायचं नाही. एकच प्रसंग घे. तू मला मागे सांगितलं होतंस ना, ताईने पहिल्या पगारातून तुझी कॉलेजची फी भरली आणि घरी सांगितलं की कॉलेजनेच सवलत दिली? तोच सांग. फक्त आधी तिला विचार, कारण इतकी वर्षं तिने तो लपवून ठेवलाय. सांगताना ‘माझी ताई फार प्रेमळ आहे’ असं म्हणू नकोस. पावती तुझ्या हाती कशी लागली ते सांग, प्रेम लोकांना आपोआप दिसेल. मग नवऱ्यामुलाकडे वळून म्हण, ‘भावोजी, ही ‘मला काही नको’ म्हणाली, तर पुन्हा एकदा विचारा.’ या एका वाक्याने तुमच्या घरातली गोष्ट त्या दोघांच्या संसारात जाऊन पोचते. तिचे दहावीचे मार्क, वजन, जुनी स्थळं यांवरचे विनोद मात्र नकोत. सासरची माणसं तिला अजून ओळखत नाहीत, त्यांच्या लक्षात नेमकं तेच राहील.

आता हातांचं. माइक, कागद आणि ग्लास अशा तीन वस्तू असतात, म्हणून बहुतेकांची गडबड तिथेच होते. ग्लास टेबलावरच राहू दे. उजव्या हातात माइक, हनुवटीजवळ. डाव्या हातात जाड कार्ड, कारण हात थरथरला की पातळ कागद फडफडतो आणि सगळ्यांना दिसतो. शेवटी कार्ड खिशात टाक, ग्लास उचल, सगळ्यांना उभं राहायची विनंती कर आणि दोघांची नावं घे. बॅण्डवाल्यांनाही आधी सांगून ठेव, म्हणजे नावं ऐकली की ते लगेच वाजवतील.

पहिलं आणि शेवटचं वाक्य तोंडपाठ हवं. मधेच गळा दाटून आला तर थांब, ताईकडे न बघता कार्डाकडे बघ, श्वास घे. तरीही जमेना, तर उरलेलं सोडून सरळ शेवटच्या वाक्यावर ये. कुणालाही काही राहून गेल्याचं कळणार नाही.

रोज एकदा उभं राहून, मोठ्याने म्हणून बघ. मनातल्या मनात वाचलेलं ऐनवेळी जिभेवर अडखळतं. रविवारी मला फोन करून ऐकव, मी घड्याळ लावून बसतो.

तुझा,
दादा