कृतिदेवमधला मजकूर युनिकोडमध्ये नेताना वेलांट्या आणि रफार का हलतात?

प्रश्न: जुन्या कृतिदेवमधला मजकूर कन्व्हर्टरमधून काढून नव्या फाइलमध्ये चिकटवला. बराचसा वाचता येतो, पण ‘स्थिती’चं ‘सि्थती’ झालंय, काही रफार शेजारच्या अक्षरावर गेलेत आणि ‘होते’ शोधलं तर एकही सापडत नाही. ८० पानं हाताने दुरुस्त करायची का?

उत्तर:

हाताने नको. मूळ फाइल अजून असेल तर ती मात्र जपून ठेवा. बिघाड तिच्यात नाही, रूपांतरात झालाय.

कृतिदेवच्या फाइलमध्ये मराठी अक्षरं नसतातच. तिथे साधी इंग्रजी अक्षरं असतात आणि फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. `ejkBh` या पाच खुणा कृतिदेवमध्ये ‘मराठी’ दिसतात. खुणांचा क्रम जुन्या टंकलेखन यंत्रासारखा, म्हणजे कागदावर डावीकडून उजवीकडे जे दिसतं तसा. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो. सगळी गडबड या दोन क्रमांमधल्या फरकाची आहे.

‘स्थिती’ घ्या. कृतिदेवमध्ये ती `fLFkrh` अशी असते. `f` म्हणजे पहिली वेलांटी, `L` म्हणजे अर्धा स, `F` आणि `k` मिळून थ, मग त आणि दुसरी वेलांटी. युनिकोडमध्ये पहिली वेलांटी ‘स्थ’ हे अख्खं जोडाक्षर ओलांडून पलीकडे जायला हवी. कच्चा कन्व्हर्टर तिला एकच अक्षर ओलांडायला लावतो, म्हणून ती स आणि हलन्ताच्या मध्ये अडकते.

रफाराचा प्रवास उलट दिशेने. ‘वार्षिक’ हा शब्द `okf"kZd` असा असतो. यातला `Z` हा रफार, आणि तो ष नंतर येतो. युनिकोडमध्ये मात्र ‘र्’ ष च्या आधी हवा. म्हणजे एकाच शब्दात वेलांटी पुढे आणि रफार मागे सरकवायचा. ‘मूर्ती’मध्ये (`ewrhZ`) तर रफाराला आधी वेलांटी आणि मग त, असे दोघांना ओलांडून मागे यावं लागतं. जो कन्व्हर्टर ‘स्थिती’, ‘वार्षिक’ आणि ‘मूर्ती’ तिन्ही बरोबर काढतो, त्यावर बाकीची पानं सोपवायला हरकत नाही. मी नवा कन्व्हर्टर आधी याच तीन शब्दांवर तपासतो. फॉन्ट खरोखर कृतिदेवच आहे ना, हेही पाहून घ्या. कोणती खूण म्हणजे कोणतं अक्षर, याचा श्रीलिपीचा तक्ता वेगळा असतो आणि एकाचा दुसऱ्याला चालत नाही.

आता ‘होते’. हा बिघाड डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, म्हणून तो जास्त त्रासदायक. जुन्या फॉन्टमध्ये ‘हो’ म्हणजे ह, काना आणि मात्रा अशा तीन खुणा. कन्व्हर्टरने काना आणि मात्रा सुट्याच ठेवल्या की ‘हाेते’ तयार होतं. बऱ्याच फॉन्टमध्ये ते अगदी ‘होते’सारखंच दिसतं, पण युनिकोडमध्ये ‘ो’ हे एकच स्वतंत्र चिन्ह असल्याने शोध लागत नाही. ‘आ’ऐवजी ‘अ’ला काना जोडला गेला असेल तर तीच गत.

मूळ फाइल हरवली असेल, तर रूपांतरित मजकूर `t` मध्ये घेऊन त्यावर पायथॉनमध्ये एवढं चालवा:

```python
import re
for a, b in [('अाे','ओ'), ('अाै','औ'), ('अा','आ'),
             ('ाे','ो'), ('ाै','ौ')]:
    t = t.replace(a, b)
for _ in range(2):
    t = re.sub('ि्([क-ह])', r'्\1ि', t)
```

जोड्यांचा क्रम बदलू नका. लांब जोडी आधी हवी, नाहीतर ‘अाे’चं ‘आे’ होऊन बसेल. शेवटची ओळ दोनदा फिरते कारण ‘स्त्रि’सारख्या तिहेरी जोडाक्षरात वेलांटीला दोन उड्या माराव्या लागतात.

भलतीकडे बसलेला रफार मात्र या मार्गाने परत येत नाही. ‘वाषिर्क’ पाहून माणसाला कळतं, पण ‘र्क’ हे जोडाक्षर ‘तर्क’मध्ये बरोबरही असतं, त्यामुळे सरसकट नियम लावता येत नाही. त्यासाठी मूळ फाइलमधूनच पुन्हा रूपांतर करा. तेव्हा कृतिदेवमधला भागच तेवढा निवडा. मधे साध्या फॉन्टमध्ये असलेले इंग्रजी शब्दही कन्व्हर्टर मराठी समजून चघळतो.

राहिला ‘ऱ्या’. हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेले तक्ते मराठीतला हा अर्धा र ओळखत नाहीत आणि तिथे रफार ठेवून देतात. मग ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या, त्यांचा ‘दर्या’ होतो. ‘आचाऱ्यांना’ जेवण सांगितलेलं असतं, ते ‘आचार्यांना’ जातं. दोन्ही शब्द खरे असल्याने शब्दतपासनीसही गप्प बसतो. ‘र्या’ आणि ‘र्ह’ शोधून प्रत्येक ठिकाण स्वतः वाचा. मूळ फाइल हाताशी असेल, तर ८० पानांत हाताने करायचं काम एवढंच उरतं.